फोटोवरून हॉलमधल्या खुर्च्यांचा अंदाज कसा काढायचा

आमचं काम मांडणीचं आणि साउंडचं. कोल्हापुरात लग्नसराई संपली की मेळावे, सत्कार, स्नेहसंमेलनं सुरू होतात, आणि दर दोन दिवसांनी कुणीतरी व्हॉट्सअॅपवर एक फोटो टाकून विचारतं, "ह्या हॉलात किती माणसं बसतील ओ?" फोटोत चार रांगा नीट दिसतात, बाकीच्या एकमेकीत मिसळून जातात, दोन्ही बाजूंच्या खुर्च्या कापलेल्या असतात. आमच्याकडे नवीन येणारी मुलं असल्या फोटोकडे बघून तोंडाला येईल तो आकडा सांगतात. त्यांना मी जे शिकवतो तेच इथं लिहितोय, आणि एका खऱ्या फोटोवरून लिहितोय, म्हणजे प्रत्येक आकडा कुठून आला ते कळेल.

फोटो होता एका मंगल कार्यालयाचा. निवृत्त शिक्षकांच्या मेळाव्यासाठी समितीतल्या एका सरांनी पाठवलेला. "मालक म्हणतात पाचशे आरामात बसतात. मला चारशे पन्नास पत्रिका काढायच्यात. काढू का?" सरांना हो किंवा नाही एवढंच हवं होतं. कार्यालय गावाबाहेर होतं, त्या दिवशी जाणं शक्य नव्हतं, आणि पत्रिका संध्याकाळी छापायला जायच्या होत्या.

आधी फोटो नीट मागवून घ्या

व्हॉट्सअॅपवर साधा फोटो पाठवला की तो दाबून लहान होतो आणि मागच्या रांगांचा लगदा होतो. तोच फोटो 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवायला सांगा, मागच्या खुर्च्यांच्या कडा परत दिसायला लागतात. मग फोटो कसा काढलाय ते बघा. मोबाइल गोल फिरवून काढलेला लांबलचक पॅनोरमा असेल तर त्यावर खाली दिलेलं माप चालत नाही, कारण त्यात सरळ रेषा वाकतात. ओळखायची खूण सोपी आहे: फरशीच्या सांध्याला किंवा स्टेजच्या कडेला पट्टी लावून बघायची. सांधा पट्टीला चिकटून राहिला तर फोटो कामाचा, मध्येच कमानीसारखा उचलला तर दुसरा मागायचा. कडेचा भाग कापलेला फोटो मात्र चालतो, आणि मोठा करून बघितलेलाही चालतो, कारण आपण एकाच फोटोतल्या दोन खुर्च्यांची तुलना करणार आहोत. फक्त सगळी मापं एकाच मोठेपणावर घ्यायची. अर्धी मापं मोठं करून आणि अर्धी तसंच घेतली की सगळं गणित वाया जातं.

सरांचा फोटो स्टेजवर उभं राहून, मधल्या वाटेच्या बरोबर समोरून काढलेला होता. खुर्च्यांची तोंडं आपल्याकडे. याहून चांगला फोटो मिळत नाही.

एका रांगेत किती खुर्च्या

नवीन माणूस इथंच पहिली चूक करतो. तो पुढची रांग मोजतो, कारण ती मोठी आणि स्वच्छ दिसते. पण पुढची रांगच सगळ्यात जास्त कापलेली असते. ह्या फोटोत पहिल्या रांगेत वाटेच्या डावीकडे तीन आणि उजवीकडे तीन खुर्च्या दिसत होत्या, पुढं फोटोची कड. कॅमेऱ्याची नजर जसजशी लांब जाते तसतशी ती दोन्ही बाजूंना पसरते. म्हणून तिसऱ्या रांगेत जास्त खुर्च्या दिसतात, पाचव्या रांगेत आणखी. आठव्या रांगेत तर दोन्हीकडची भिंतच दिसायला लागली. रुंदीसाठी मोजायची रांग तीच: जिथं दोन्ही टोकांना भिंत किंवा मोकळी फरशी दिसते अशी सगळ्यात जवळची रांग. त्याच्या मागची रांग घेतली तर खुर्च्या बारीक होत जातात आणि एखादी सुटते.

आठव्या रांगेत डावीकडे दहा खुर्च्या निघाल्या. आमचा नवा मुलगा लगेच म्हणाला, "मग उजवीकडं पण दहा, वीस झाल्या." मी त्याला म्हटलं, "भावा, उजवीकडचं मोजून दाखव." उजवीकडे आठच होत्या. भिंतीला लागून जेवणाच्या हॉलकडे जायची वाट सोडलेली होती. मंगल कार्यालयात हे हमखास असतं: एका बाजूला जेवणाकडे, वधूपक्षाच्या खोल्यांकडे किंवा हात धुवायच्या नळांकडे जायला जागा लागते. म्हणून दोन्ही बाजू सारख्या धरायच्या नाहीत. एक बाजू अजिबातच दिसत नसेल तर सारखी धरावी लागते, पण तेव्हा तो आकडा वहीत वेगळ्या पेनाने लिहा, म्हणजे तो मोजलेला नाही हे पुढच्या माणसाला कळेल.

उजवीकडच्या आठ खुर्च्या खऱ्याच आठ का, हे फरशीवरून ताडून बघितलं. हल्ली बहुतेक कार्यालयांत दोन बाय दोन फुटांची फरशी असते. वाटेजवळ, जिथं सांधे स्वच्छ दिसत होते, तिथं चार खुर्च्या साडेतीन फरश्यांवर बसत होत्या. म्हणजे सात फुटांत चार, एका खुर्चीला पावणेदोन फूट. आठ खुर्च्यांना चौदा फूट, म्हणजे सात फरश्या. आठव्या रांगेपुढच्या मोकळ्या पट्टीत उजवीकडे शेवटच्या खुर्चीपर्यंत सातच फरश्या मोजल्या. जुळलं. रांग: दहा आणि आठ, अठरा.

किती रांगा, हा खरा प्रश्न

इथं लेखाचा जीव आहे, म्हणून सावकाश वाचा.

पहिल्या सात-आठ रांगा बोटाने मोजता येतात. त्यापुढं खुर्चीच्या माथ्यावर माथा चढतो आणि सगळी पांढरी कव्हरं एकच होऊन जातात. डोळा तिथं फसतो. फोटोत मागच्या रांगा इतक्या कमी जागेत मावलेल्या असतात की माणूस त्यांना चार-पाच समजतो आणि त्या बारा असतात. त्यामुळे त्या मोजायच्याच नाहीत. त्यांचं अंतर काढायचं.

तत्त्व एवढंच: तीच वस्तू दुप्पट लांब गेली की फोटोत निम्मी दिसते. तिप्पट लांब गेली की एक तृतीयांश. खुर्च्या सगळ्या एकाच मापाच्या असतात, म्हणून फोटोतली खुर्चीची उंची हीच तिचं अंतर सांगते.

कुठली खुर्ची मोजायची? मधल्या वाटेच्या कडेची. आतल्या खुर्च्यांचे पाय पुढच्या रांगेमागे झाकलेले असतात, पण वाटेच्या कडेची खुर्ची पायाच्या टोकापासून माथ्यापर्यंत दिसते, अगदी मागच्या रांगेतलीसुद्धा. हॉल भरलेला असला, माणसं बसलेली असली तरी तिचा वाटेकडचा पाय आणि पाठीचा वरचा कोपरा दिसतो. तेवढं पुरतं. आणि सगळ्या खुर्च्या वाटेच्या एकाच बाजूच्या घ्यायच्या, कधी डावी कधी उजवी असं नाही.

फोटो लॅपटॉपवर मोठा केला आणि साध्या शाळेच्या पट्टीने मोजलं. पहिल्या रांगेची कडेची खुर्ची 96 मिलिमीटर. पाचव्या रांगेची 48. बरोबर निम्मी, म्हणजे पाचवी रांग पहिल्या रांगेपेक्षा कॅमेऱ्यापासून दुप्पट लांब. पहिलीपासून पाचवीपर्यंत चार अंतरं आहेत. चार अंतरं पुढं गेल्यावर लांबी दुप्पट झाली, याचा अर्थ कॅमेऱ्यापासून पहिली रांगसुद्धा चार अंतरांवरच आहे. हा आकडा सापडला की कुलूप उघडलं. फुटांची गरज नाही, टेप नको. आता सगळी लांबी रांगांच्या अंतरातच मोजायची.

मधल्या रांगेवर ताडून बघा. तिसरी रांग कॅमेऱ्यापासून सहा अंतरांवर हवी. तर तिची खुर्ची 96 गुणिले 4, भागिले 6, म्हणजे 64 मिलिमीटर यायला हवी. पट्टीवर 63 आली. एक मिलिमीटरचा फरक म्हणजे पट्टीच्या रेघेचा फरक, तो सोडायचा. पण तिथं 70 किंवा 57 आली असती तर थांबायचं: रांगांमधली अंतरं सारखी नाहीत, नाहीतर पाचवी म्हणून मोजलेली रांग सहावी आहे.

आता शेवटची रांग. साउंडच्या टेबलाशेजारी वाटेच्या कडेला शेवटची खुर्ची होती, 16 मिलिमीटर. 96 भागिले 16 म्हणजे सहा. ती पहिलीपेक्षा सहापट लांब. पहिली चार अंतरांवर, तर शेवटची चोवीस अंतरांवर. चोवीसातून पहिलीची चार वजा केली की वीस अंतरं, आणि वीस अंतरं म्हणजे एकवीस रांगा.

प्रत्येक फोटोत बरोबर निम्मी खुर्ची सापडत नाही. समजा पहिली 80 आणि पाचवी 50 आली. 80 भागिले 50 म्हणजे 1.6 पट. एक पट आधीच होतं, वाढलं 0.6. हे 0.6 चार अंतरांनी वाढलं, म्हणून 4 भागिले 0.6, साधारण 6.7. कॅमेऱ्यापासून पहिली रांग 6.7 अंतरांवर. पुढचं सगळं तसंच. पहिली रांग फोटोत पूर्ण येत नसेल तर दुसरी आणि सहावी घ्या, फक्त मधली अंतरं मोजून घ्या आणि पुढच्या राहिलेल्या रांगा शेवटी मिळवायला विसरू नका.

या रीतीची मर्यादा मागच्या खुर्चीच्या मापात आहे. 16 ऐवजी 15 मोजली असती तर रांगा साडेबावीस आल्या असत्या, 17 मोजली असती तर साडेएकोणीस. म्हणजे एका मिलिमीटरला दीड रांग. खुर्ची 8 मिलिमीटरची असेल तर तोच एक मिलिमीटर पाच ते सात रांगा इकडंतिकडं करतो, आणि मग त्या आकड्याला अर्थ राहत नाही. माझा स्वतःचा नियम: शेवटची खुर्ची 12 मिलिमीटरपेक्षा लहान दिसत असेल तर फोटो अजून मोठा करायचा, आणि मोठा केल्यावर कडा फुटत असतील तर दुसरा फोटो मागायचा.

भिंतीवरून दुसरं उत्तर काढा

एकाच रीतीवर आकडा सांगू नका. दुसरी रीत पहिलीशी संबंध नसलेली हवी, म्हणजे दोघी एकच चूक करणार नाहीत. मी भिंतीतले खांब घेतो. हॉलचे खांब सारख्या अंतरावर असतात आणि ते खुर्च्यांच्या वर दिसत असल्याने झाकले जात नाहीत. ह्या हॉलात डाव्या भिंतीला पहिला खांब पहिल्या रांगेच्या जवळपास रेषेत होता आणि दुसरा पाचव्या रांगेच्या. म्हणजे दोन खांबांत चार अंतरं. शेवटच्या रांगेपर्यंत सहा खांब मोजता आले, त्यांच्यात पाच गाळे. पाच गुणिले चार वीस, पुन्हा एकवीस रांगा. खांब भिंतीत लपलेले असतील तर खिडक्या, पंख्यांची ओळ किंवा खोट्या छताचे चौकोन, जे सारख्या अंतरावर असेल ते घ्या.

आता वजाबाकी

एकवीस गुणिले अठरा, 378. हा आकडा सांगून मोकळं व्हायचा मोह होतो. मी एकदा झालो होतो. एका सत्कार समारंभाला फोटोवरून गुणाकार करून आकडा दिला, आणि कार्यक्रमाच्या दिवशी साठेक माणसं भिंतीला टेकून उभी होती. त्यात वयस्कर माणसं होती. हॉलच्या मधोमध बाजूच्या दारासाठी आडवी वाट सोडलेली होती आणि मागं व्हिडिओवाल्यांचा उंच कट्टा होता. दोन्ही फोटोत होतं. मी बघितलं नव्हतं.

म्हणून गुणाकार झाल्यावर फोटो परत पुढून मागं बघायचा, फक्त भोकं शोधायची. सरांच्या फोटोत डाव्या भिंतीला मधोमध दार होतं. दार दिसलं की त्याच्यासमोर रांग नसणार हे धरा आणि वाटेच्या कडेला खात्री करा: तिथं दोन खुर्च्यांमधली मोकळी फरशी इतर ठिकाणांपेक्षा जवळजवळ तिप्पट दिसते. तशी दिसली. एक रांग गेली, 18 कमी, राहिल्या 360. साउंडच्या टेबलाने मागच्या दोन रांगांतल्या डावीकडच्या चार-चार खुर्च्या खाल्ल्या होत्या, आठ गेल्या. हॉलच्या आत दोन मोकळे खांब, प्रत्येकाने एकेक खुर्ची. 350. पुढच्या सोफ्यांची फक्त एक पाठ फोटोच्या खालच्या कोपऱ्यात दिसत होती, ते सरांना फोन करून विचारलं. चार सोफे, प्रत्येकी तीन माणसं, बारा. एकूण 362.

मापातली दीड रांग दोन्हीकडं धरली की सत्तावीस कमी किंवा सत्तावीस जास्त. मी सरांना सांगितलं, "सर, तीनशे पस्तीस ते तीनशे नव्वद. चारशे पन्नास बसणार नाहीत." सर म्हणाले, "पण मालक पाचशे म्हणतात की." मालक खोटं बोलत होते असं मी म्हणणार नाही. मधली वाट भरली, रांगा दोन-सव्वादोन फुटांवर आणल्या आणि जेवणाकडची वाट बंद केली तर पाचशेच्या जवळ खुर्च्या मांडता येतात. पण सत्तरीच्या माणसाला त्यातून उठून बाहेर येता येत नाही, आणि काही झालं तर दारापर्यंत पोहोचता येत नाही. आपण फोटोत जी मांडणी दिसते तिच्या खुर्च्या सांगतोय, मांडता येतील तेवढ्या नाही. ग्राहकाला हे दोन आकडे वेगळे आहेत हे स्पष्ट सांगा.

सरांनी तीनशे पन्नास पत्रिका काढल्या. आठवड्याने मी कार्यालयात गेलो, मांडणी तीच होती, मोजल्या. 380 निघाल्या. सांगितलेल्या पट्ट्यात होत्या, पण अठरांचा फरक कुठून आला ते शोधल्याशिवाय मला चैन पडेना. पुढच्या रांगा तीन फुटांवर होत्या. मागच्या सहा-सात रांगा मुलांनी अडीच फुटांवर ओढल्या होत्या, आणि त्यात एक रांग जास्त बसली होती. माझ्या दोन्ही रीतींनी पुढचं अंतरच मागं धरलं होतं, म्हणून दोघी जुळल्या आणि दोघी एकच रांग चुकल्या. तेव्हापासून मी एक गोष्ट जास्त बघतो: मागच्या भागात वाटेच्या कडेला दोन खुर्च्यांमधली मोकळी फरशी खुर्चीच्या मानाने किती दिसते. पुढं ती खुर्चीच्या खोलीएवढी आणि मागं त्याहून बरीच कमी दिसली तर मागं रांगा दाटल्यात.

नाट्यगृहाच्या खुर्च्या

पक्क्या खुर्च्यांच्या नाट्यगृहात जमीन उतरती असते. खुर्चीच्या उंचीची रीत तिथंही चालते, कारण ती अंतरावर अवलंबून आहे, जमिनीच्या उतारावर नाही. बदलते ती रुंदी: रांगा पंख्यासारख्या मागं वाढत जातात. पुढच्या आणि मागच्या रांगेची सरासरी घेऊन रांगांनी गुणायचं. पुढं 16 आणि मागं 28 असतील, रांगा 20, तर सरासरी 22, एकूण 440. रांगांवर इंग्रजी अक्षरं असतील तर शेवटच्या अक्षरावरून रांगा मोजू नका, कारण बऱ्याच ठिकाणी आय आणि ओ ही अक्षरं गाळलेली असतात. बाल्कनीखालच्या रांगा अंधारात जातात, त्यासाठी फोटोचा उजेड वाढवून बघा.

आणि फोटो कधीचा आहे ते विचारा. आपल्या केशवराव भोसले नाट्यगृहाचे आतले सुंदर फोटो अजून सगळीकडे फिरतात. शाहू महाराजांनी उभारलेलं, 1915 साली पॅलेस थिएटर म्हणून सुरू झालेलं ते नाट्यगृह 8 ऑगस्ट 2024 च्या रात्री आगीत जळालं. त्याआधीच्या फोटोवरून काढलेला आकडा तेव्हाच्या खुर्च्यांचा, आजच्या कार्यक्रमासाठी तो वापरायचा नाही. शेजारच्या खासबाग कुस्ती मैदानाचा फोटो आला तर ही रीत बाजूला ठेवा. तिथं माणसं हौद्याभोवतीच्या गोलाकार बैठकीवर बसतात, खुर्चीच नाही तर खुर्चीचं माप कुठून आणणार.

दुसरा फोटो कसा मागायचा

आकड्याचा पट्टा साठ-सत्तरपेक्षा मोठा येत असेल तर मी फोन करून अगदी एवढंच सांगतो: "मधल्या वाटेने सगळ्यात मागं जा, शेवटच्या खुर्चीच्या चार पावलं मागं उभं राहा, मोबाइल छातीशी सरळ धरा, खाली वाकवू नका, आणि स्टेजकडे तोंड करून एक फोटो काढा. मग तिथंच उभं राहून डावीकडं एक, उजवीकडं एक." मागच्या ज्या रांगा पहिल्या फोटोत लगदा होत्या त्या ह्यात पुढं येतात आणि बोटाने मोजता येतात. पहिल्या फोटोतून पुढच्या आठ, दुसऱ्यातून मागच्या आठ, आणि मधल्या राहिल्या त्या खांबांवरून. दोन्ही फोटोंत ओळखू येईल अशी एखादी खूण मात्र पकडून ठेवा, मधलं दार किंवा वेगळ्या रंगाचं कव्हर असलेली खुर्ची, नाहीतर एकच रांग दोनदा मोजली जाते.